७ भागिले १० तर दिसतंच आहे, मग लॉग आणि डेरिव्हेटिव्हचा खटाटोप कशाला?

प्रश्न: "नाणं १० वेळा उडवलं, ७ वेळा छापा आला. छाप्याची शक्यता ०.७ हे तर नुसतं बघूनच कळतं. मग लाइकलिहुड लिहा, लॉग घ्या, डेरिव्हेटिव्ह शून्य ठेवा हे सगळं का करायचं? आणि मी ते केलं तर उत्तर १.७५ आलं, ते कसं काय?"

आधी त्या १.७५ चा निकाल लावून टाकू, कारण ही चूक मी इतक्या वह्यांमध्ये बघितलीय की उत्तर बघूनच कळतं कुठली ओळ बिघडली. (विद्यार्थी असशील असं धरून एकेरीत लिहितोय, राग नको.) ln(1-p) चं डेरिव्हेटिव्ह घेताना आतल्या 1-p चं -1 बाहेर येतं, चेन रूल, आणि ते वजाचं चिन्ह तू खाल्लंस. त्यामुळे तुझ्याकडे हे झालं असणार:

7/p + 3/(1-p) = 0

सोडवलं की 7 - 7p + 3p = 0, म्हणजे p = 7/4, हेच तुझं १.७५. शक्यता एकाच्या वर जात नाही म्हणून तुला ते खटकलं, पण खरं तर सोडवायच्या आधीच थांबता आलं असतं. p शून्य आणि एकच्या मधे असेल तर वरचे दोन्ही तुकडे धन आहेत, आणि दोन धन आकडे मिळवून शून्य येणार कसं? एका तुकड्याने p ला वर ओढायला हवं आणि दुसऱ्याने खाली, तेव्हाच मधे कुठेतरी रस्सीखेच बरोबरीत सुटते. म्हणून बरोबर ओळ अशी:

7/p - 3/(1-p) = 0

आता मुख्य मुद्दा. ०.७ "दिसतंय" म्हणतोस ते ठीक, पण कशामुळे दिसतंय ते सांग असं विचारलं तर बहुतेक जण गडबडतात, कारण ते आपण सवयीने करतो. १० मधले ७, झाला भागाकार. खरं तर नाण्याचा p कुणालाच माहीत नाही, तो ०.६ असला तरी ७ छापे पडू शकतात, ०.८ असला तरी पडू शकतात, अगदी सरळ ०.५ चं नाणं असलं तरी पडतात. म्हणजे प्रश्न असा आहे की या सगळ्या उमेदवारांपैकी कुठला p आपल्या समोर आलेला निकाल सगळ्यात सहज घडवून आणतो.

तर समज तुझा निकाल असा पडला: छापा छापा काटा छापा छापा छापा काटा छापा काटा छापा. दर वेळचं उडवणं स्वतंत्र आहे असं मानलं तर नेमका हाच क्रम येण्याची शक्यता म्हणजे दहा आकड्यांचा गुणाकार, छाप्याला p आणि काट्याला 1-p. क्रम कसाही असो, शेवटी उरतं हे, आणि यालाच लाइकलिहुड म्हणायचं:

L(p) = p^7 * (1-p)^3

काही पुस्तकांत याच्या पुढे १२० असतं, १० मधून ७ जागा निवडायचे प्रकार. घे किंवा सोडून दे, त्यात p नाही, त्यामुळे L च्या आलेखाची जी टेकडी होते तिची उंची बदलते पण शिखर जागेवरच राहतं.

आता कागदावर चार आकडे टाकून बघ, मी वर्गात पण आधी हेच करायला लावतो. p ०.५ घेतला तर L येतो ०.०००९८, ०.६ ला ०.००१७९, ०.७ ला ०.००२२२ आणि ०.८ ला ०.००१६८. चढलं, मग उतरलं. डेरिव्हेटिव्ह लावायच्या आधी ही टेकडी एकदा हाताने काढलेली असली ना, की पुढे काय शोधतोय ते विसरायला होत नाही.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात मराठीतून शिकणारे जरा जास्त पडतात, कारण बोलताना आपण प्रोबॅबिलिटीलाही शक्यता म्हणतो आणि लाइकलिहुडलाही शक्यता म्हणतो. आर. ए. फिशरने १९२१-२२ च्या सुमाराला हे दोन शब्द मुद्दाम वेगळे केले ते याच गोंधळासाठी. ०.००२२२ म्हणजे "p ०.७ असण्याची शक्यता" नव्हे. ती, p ०.७ आहे असं मानलं तर आपला हा क्रम पडण्याची शक्यता आहे. टॉस पडून गेलेत, ते आता हलणार नाहीत, आपण p चा खटका शून्यापासून एकपर्यंत सरकवून बघतोय फक्त. शक्यतांची बेरीज १ व्हायला हवी ना, तर या टेकडीखालचं क्षेत्रफळ काढून बघ, 1/1320 येतं, एक येत नाही. म्हणजे ही p ची प्रोबॅबिलिटी नाहीच.

बरं, लॉग कशाला. लॉगशिवाय होत नाही असं अजिबात नाही, करून दाखवतो. L चं सरळ डेरिव्हेटिव्ह घेतलं, गुणाकाराचा नियम लावून:

L'(p) = 7p^6(1-p)^3 - 3p^7(1-p)^2 = p^6 (1-p)^2 (7 - 10p)

हे शून्य होतं तीन ठिकाणी, p = 0, p = 1 आणि p = 0.7. पहिल्या दोन ठिकाणी L स्वतःच शून्य आहे, ते टेकडीचे पायथे, तिथे जमीन सपाट आहे म्हणून डेरिव्हेटिव्ह शून्य येतंय. परीक्षेत घाईत p = 0 हे उत्तर लिहून येणारी पोरं मी बघितलीत, सात छापे पडलेत आणि उत्तर काय तर छाप्याची शक्यता शून्य! लॉग घेतला की हे दोन खोटे उमेदवार आपोआप बाद होतात, कारण पायथ्याशी लॉग उणे अनंताकडे कोसळतो, तिथे सपाट काही उरतच नाही. शिखर मात्र हलत नाही, कारण आकडा वाढला की त्याचा लॉगही वाढतो, सगळ्यात उंच जागा तीच राहते. कुठला लॉग घेतलास यानेही फरक पडत नाही, दहाच्या पायाचा घेतला तर सगळं २.३०३ ने भागलं जाईल एवढंच.

गुणाकाराची बेरीज झाली की गणित असं राहतं:

l(p) = 7 ln p + 3 ln(1-p)

l'(p) = 7/p - 3/(1-p)

शून्य ठेव, 7(1-p) = 3p, म्हणजे 7 = 10p, झालं. ७ च्या जागी h आणि १० च्या जागी n टाकलं तर h/n, तुझा तो नुसता बघून दिसणारा भागाकार. आणि हे शिखरच आहे, दरी नाही, हे तपासायला ०.६ टाक, 7/0.6 म्हणजे ११.६७ वजा 3/0.4 म्हणजे ७.५, राहिले अधिक ४.१७, म्हणजे टेकडी अजून चढतेय. ०.८ टाक, ८.७५ वजा १५, उणे ६.२५, उतरतेय. मधे शिखर.

लॉगचं दुसरं कारण वहीत कळत नाही, कॉम्प्युटरवर कळतं. एकापेक्षा लहान आकडे गुणत गेलं की गुणाकार इतका बारीक होतो की मशीनला तो धरता येत नाही. पायथनमध्ये हे टाकून बघ:

```
>>> 0.5**1074
5e-324
>>> 0.5**1075
0.0
```

म्हणजे साध्या नाण्याचे १०७५ टॉस झाले की p = 0.5 चं लाइकलिहुड मशीनच्या लेखी शून्य. टॉस आणखी वाढले की प्रत्येक p ला शून्यच येतं, टेकडी सपाट, शिखर शोधणार कुठे. गंमत म्हणजे ०.०१, ०.०२ असं p चं ग्रिड ओळीने तपासणारा प्रोग्राम एरर देत नाही, निमूटपणे पहिलाच p उचलून देतो. तुझं उत्तर ग्रिडच्या सुरुवातीचा आकडा येत असेल, ०.०१ वगैरे, तर नव्वद टक्के हीच भानगड असते. लॉगमध्ये तोच आकडा उणे ७४५ च्या आसपास येतो, त्यात मशीनला काहीच अवघड नाही.

पण माझं खरं मत विचारशील तर ०.७ मिळवायला डेरिव्हेटिव्ह लागत नाही हे तुझं म्हणणं बरोबरच आहे. डेरिव्हेटिव्हचा खरा पैसा वसूल होतो तो दुसऱ्यांदा घेतल्यावर. पहिलं सांगतं शिखर कुठे, दुसरं सांगतं शिखर किती टोकदार:

l''(p) = -7/p^2 - 3/(1-p)^2

०.७ टाकलं की उणे १४.२९ आणि उणे ३३.३३, मिळून उणे ४७.६. चिन्ह सोड, त्याचं वर्गमूळ काढ आणि एकाला त्याने भाग, येतं ०.१४५. हा तुझ्या ०.७ चा स्टँडर्ड एरर. म्हणजे ०.७ च्या दोन्ही बाजूंना दीडेक दशांश हलायला जागा आहे, आणि दुप्पट धरलं तर ०.४१ पासून ०.९९ पर्यंत. दहा टॉसमधून एवढंच कळतं! हजार टॉसमध्ये ७०० छापे पडले असते तरी भागाकार ०.७ च आला असता, पण स्टँडर्ड एरर ०.०१४५ झाला असता, दहापटीने कमी. नुसता भागाकार करणाऱ्याला हे दोन ०.७ सारखेच दिसतात. (दहा टॉसला हे अंतर ढोबळच समज. टेकडी दोन्ही बाजूंना सारखी नाही, वर ०.६ ला ०.००१७९ आणि ०.८ ला ०.००१६८ आलं होतं बघ. टॉस वाढले की ती दोन्ही बाजूंना सारखी होत जाते.)

याचं एक खरं उदाहरण मला फार आवडतं. जॉन केरिच नावाचा दक्षिण आफ्रिकेतला गणिती दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये अडकला, जर्मनांनी देश ताब्यात घेतला आणि याला नजरकैदेच्या छावणीत ठेवलं. तिथे वेळ घालवायला त्याने सोबत्याच्या मदतीने नाणं १०,००० वेळा उडवलं आणि निकाल लिहून ठेवले. छापे पडले ५०६७. तर भागाकार ०.५०६७. नाणं छाप्याकडे झुकतंय का? स्टँडर्ड एरर येतो ०.००५, आणि ०.५ पासून अंतर ०.००६७, म्हणजे दीड स्टँडर्ड एररही नाही.

आता लॉग-लाइकलिहुडने बघ. ०.५०६७ ला ते उणे ६९३०.५७ आहे आणि ०.५ ला उणे ६९३१.४७. दहा हजार टॉस करून शिखर आणि ०.५ मधलं अंतर ०.९. तुझ्या दहा टॉसमध्ये ०.७ आणि ०.५ मधलं हेच अंतर ०.८२ आहे, वरचेच आकडे घेऊन ताडून बघ, ०.००२२२ भागिले ०.०००९८ चा लॉग. म्हणजे एक माणूस १० पैकी ७ म्हणतोय आणि दुसरा १०,००० पैकी ५०६७, ऐकायला जमीन-अस्मानाचा फरक, पण "हे नाणं सरळ नाही" याचा पुरावा दोघांकडे जवळजवळ सारखाच, आणि तो कच्चाच. हे मी पहिल्यांदा कागदावर केलं तेव्हा मला चूक झाली असं वाटून परत केलं होतं.

आता हे सगळं कशावर अवलंबून आहे ते सांगायला हवं. आपण धरून चाललो की प्रत्येक टॉस स्वतंत्र आणि p दर वेळी तोच. आणि p हा एकट्या नाण्याचा गुण नाही, उडवणाऱ्याचाही आहे. २०२३ मध्ये ४८ जणांनी मिळून नाणी ३,५०,७५७ वेळा उडवली तो अभ्यास जाहीर झाला, त्यात छापा-काटा साधारण बरोबरीतच होते, पण जी बाजू वर ठेवून उडवलं तीच बाजू परत १,७८,०७९ वेळा वर आली, म्हणजे ५०.८ टक्के. दिसायला किरकोळ, पण एवढ्या टॉसला स्टँडर्ड एरर ०.०००८५ च्या आत असतो, त्यामुळे हे योगायोगाच्या खूप पलीकडे आहे. तेव्हा तू दर वेळी छापा वर धरूनच उडवलं असशील तर h/n जे सांगतंय ते "तुझ्या हातातल्या, छापा वर धरलेल्या नाण्याचं" आहे, आणि मागच्या वेळी जे पडलं तेच तसंच उचलून पुन्हा उडवत असशील तर टॉस स्वतंत्र नाहीतच. लाइकलिहुडला यातलं काही कळत नाही, तू जे मॉडेल दिलंस त्याचंच शिखर ते शोधून देतं. म्हणून निकाल नुसते मोजून ठेवू नकोस, क्रमाने लिही. छाप्यानंतर छापा किती वेळा आणि काट्यानंतर छापा किती वेळा हे वेगवेगळं मोजलं आणि दोन प्रमाणांत मोठी तफावत दिसली, की p^7 च्या आधीच काहीतरी हुकलंय असं समज.

आणि शेवटची गोष्ट, "डेरिव्हेटिव्ह शून्य ठेवा" हा मंत्र जिथे चालत नाही ती. १० च्या १० छापे पडले तर?

l(p) = 10 ln p, l'(p) = 10/p

हे शून्य होतच नाही, p काहीही घे. पोरं इथे "उत्तर अस्तित्वात नाही" लिहून मोकळी होतात, पण तसं नाही. उतार सगळीकडे वर जाणाराच आहे म्हणजे चढत चढत कुंपणाला टेकायचं, शिखर p = 1 वर आहे. सपाट जागा नाही म्हणून शिखर नाही असं होत नाही, हद्दीवरचे दोन बिंदू वेगळे तपासायचे असतात. आणि इथे स्टँडर्ड एररचं यंत्रही बंद पडतं, p(1-p)/n चं वर्गमूळ या नेहमीच्या सूत्रात p = 1 टाकलं तर ०.०० येतो, म्हणजे दहा टॉसवरून शंभर टक्के खात्री!

हसू येतं, पण माझ्या कामात हे रोज होतं. मी कारखान्यांना तपासणीचं सॅम्पलिंग ठरवून देतो, तिथे छाप्याच्या जागी रिजेक्ट पीस असतो, गणित तेच. सुरुवातीच्या काळात एका ठिकाणी ६० पीस तपासले, एकही खराब नाही, आणि मी रिपोर्टमध्ये सरळ लिहिलं "रिजेक्शन ०%". मॅक्सिमम लाइकलिहुडचं उत्तर म्हणून ते चूक नव्हतं, ० भागिले ६०. पुढे लॉट गिऱ्हाइकाकडून परत आला आणि मला बोलावणं आलं. नंतर हिशेब केला, लॉटमध्ये ३ टक्के माल खराब असता तरी ६० च्या ६० चांगले निघायची शक्यता ०.९७ चा ६० वा घात, म्हणजे ०.१६, दर सहा-सात वेळांत एकदा. तेव्हापासून शून्य आलं की मी शिखर लिहीत नाही, टेकडी किती लांबपर्यंत उंच आहे ते लिहितो. (1-p)^60 कुठे ०.०५ पर्यंत खाली येतं ते बघतो, ते येतं p सुमारे ०.०४९ ला, तोंडी करायचं तर ३ भागिले ६०, ०.०५. रिपोर्टमध्ये वाक्य जातं, "६० पैकी ० खराब, प्रमाण ५ टक्क्यांपर्यंत असू शकतं." मॅनेजरला ते आवडत नाही, तो म्हणतो मग आणखी पीस तपासा, आणि मला तेच हवं असतं.

तुझ्या गृहपाठात १० पैकी ७ च आहे तर वजाचं चिन्ह दुरुस्त कर, l' च्या खाली l'' ची एक ओळ जोड आणि ०.७ च्या शेजारी ०.१४५ लिही. अडलं तर पायऱ्या जशाच्या तशा टाइप करून इथेच टाक, फोटो नको, मोबाईलवर वाचता येत नाही.